‘नको’ न म्हणता ‘पुरे’ कसं म्हणायचं: अरबी घरातलं दुसरं वाढप

मागे आळंदी रोडचा एखादा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. दिघीत या दिवसांत खिडकी लावून रेकॉर्ड करायचं म्हणजे उकडून निघायचं, त्यामुळे खिडकी उघडीच ठेवलीय.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. चाकणला माझ्यासोबत काम केलेला एक मित्र पुढच्या महिन्यात सौदीला चाललाय, दोन महिन्यांच्या कामासाठी. तो म्हणाला, ‘व्हिसा झाला, बॅग झाली, अजून काय लक्षात ठेवू?’ मी म्हटलं, ‘कुणी घरी जेवायला बोलावलं आणि दुसऱ्यांदा वाढायला लागलं, तर थांबवायचं कसं ते शिकून जा.’ तो हसला. म्हणाला, ‘त्यात काय शिकायचं? नको म्हणायचं.’

मी पण हेच म्हटलं होतं. आणि त्या एका ‘नको’नं मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात दुखावून आलो होतो. तर आधी ती गोष्ट सांगतो, मग नीट कसं करायचं ते.

मी बीटेक झाल्यावर चाकणच्या एका कंपनीत लागलो. कारखान्यातल्या मशीनवरून डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर, ते बसवायला जायचं असं काम. त्यातून एकदा सहा आठवडे सौदीच्या पूर्व भागात, दम्मामजवळ, जायला मिळालं. तिथल्या साइटवर एक सौदी इंजिनिअर होता, माझ्याच वयाचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं शुक्रवारी घरी बोलावलं. त्याचे वडील, दोन काका, एक भाऊ आणि मी.

आधी खजूर आणि कॉफी झाली. मग जमिनीवर मोठं प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर एक भलंमोठं गोल ताट आलं. सगळ्यांत मिळून एकच. खाली कबसा, म्हणजे मसाल्यात शिजवलेला भात, आणि वर मटणाचे मोठे तुकडे. सगळे भोवती बसले. वडील मात्र बसेनात. ते ताक आणून दे, लिंबू पुढे सरकव, असं करत उभेच. नंतर कळलं की पाहुण्याआधी आपण जेवायला बसू नये, हीसुद्धा तिकडची जुनी रीत.

मी माझ्या बाजूचं खाल्लं. पोट भरलं. तेवढ्यात वडील माझ्या शेजारी टेकले, हातानं मटणाचा एक चांगला मऊ तुकडा तोडला आणि माझ्यासमोरच्या भातावर ठेवला. मी म्हटलं, ‘ला, ला, शुक्रान.’ म्हणजे नको नको, धन्यवाद. ते हसले आणि अजून एक ठेवला. मी पुन्हा ‘ला, ला’. त्यांनी तिसरा ठेवला. मला वाटलं, यांना माझं अरबी कळत नाहीये. मग मी काय केलं? त्यांनी ठेवलेला तिसरा तुकडा उचलला आणि ताटाच्या मध्ये परत ठेवून दिला. आणि आपण पत्रावळीवर आडवे हात धरतो ना, तसे हात माझ्या बाजूवर धरले.

खोलीत कुणी काही बोललं नाही. वडील ‘तय्यिब, तय्यिब’ म्हणाले, म्हणजे ‘बरं, बरं’, आणि उठून गेले. माझा मित्र विषय बदलून फुटबॉलवर बोलायला लागला. माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. नेमकं काय, ते नाही कळलं.

ते सांगितलं आमच्या साइटवरच्या एका चाचांनी. मूळचे रत्नागिरीकडचे, गल्फमध्ये वीसेक वर्षं काढलेली. कोकणातल्या बऱ्याच घरांत एक तरी माणूस तिकडे असतो, त्यातले ते. साइटवर माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस. परत येताना गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘अरे बाळा, तू तीन चुका केल्यास. आणि तिन्ही तू घरी गावच्या पंगतीत केल्या नसत्यास.’

पहिली चूक म्हणजे तो ‘ला’. चाचा म्हणाले, ‘आपल्याकडे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला, तू नको म्हणालास, तर तो थांबतो का?’ नाही थांबत. कारण पहिला नको लाजेचा असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. अरबी घरात तर यजमान तोंडानंच म्हणतो, ‘ला तिस्तही’. म्हणजे लाजू नको. तू जितक्या वेळा ‘ला’ म्हणशील, तितक्या वेळा त्याला वाटणार, हा लाजतोय, याला अजून आग्रह केला पाहिजे. म्हणजे ‘ला’नं वाढप थांबत नाही, उलट सुरू राहतं. ते माझं अरबी समजत नव्हते असं नव्हतंच. मीच त्यांची रीत समजत नव्हतो.

दुसरी चूक, तुकडा परत ठेवणं. यजमानानं स्वतःच्या हातानं पाहुण्यापुढे मटण ठेवणं हा मान असतो. तो उचलून परत देणं म्हणजे दिलेला मान परत करणं. शिवाय ताट एकच असतं. अनेक पारंपरिक घरांत पाहुणे उठल्यावर त्याच ताटातलं उरलेलं घरातली बाकीची माणसं खातात. म्हणून प्रत्येकानं आपल्यासमोरचंच खायचं, मध्ये हात घालायचा नाही, आणि आपल्यासमोरचं काही परत मध्ये लोटायचं नाही. मी उष्ट्या हातानं तुकडा मध्ये ठेवला होता. आपल्याकडे पंगतीत कुणी पानातली भाजी उचलून वाढप्याच्या पातेल्यात परत टाकली तर काय होईल, विचार करा.

आणि तिसरी चूक सगळ्यात मोठी. मी फक्त थांबवलं, संपवलं नाही. चाचांचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. म्हणाले, ‘तू सारखं सांगत होतास की तुला काय नको. त्यांना ऐकायचं होतं की तुला काय मिळालं.’

बघा, आपल्याकडे जेवण झाल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. त्यात ‘नको’ आहे का? ‘पोट भरलं’ आहे का? काहीच नाही. फक्त आशीर्वाद आहे. पण तो म्हटला की वाढप्याला कळतं, संपलं. आता कितीही आग्रह केला तरी उपयोग नाही. अरबीतली रीत नेमकी हीच आहे. नकाराला तिथे वेगळा शब्द नाही, आशीर्वाद हाच नकार. यजमानाला ‘नको’ म्हटलं तर त्याच्याकडे उत्तर तयार असतं, अजून वाढायचं. ‘देव तुमच्या घरात भर घालो’ म्हटलं तर त्यावर वाढायचं कसं? त्यावर फक्त उलटा आशीर्वादच देता येतो. आणि त्यानं तो दिला की तुम्ही सुटलात.

पुढच्या तीन आठवड्यांत चाचांनी मला चार-पाच वाक्यं पाठ करून घेतली, डबा खाताना, रोज. मजा म्हणजे त्यातले अर्धे शब्द आपल्या मराठीत आधीपासून बसलेले आहेत. त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं जातं. मग माझ्या त्याच मित्रानं परत बोलावलं, आणि मी हट्टानं गेलो. ते दुसरं जेवण मी तुम्हाला पायरी-पायरीनं सांगतो, कारण कुठलं वाक्य कधी म्हणायचं हे वाक्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सुरुवात कॉफीपासून, कारण सराव तिथेच होतो. गल्फमधली कॉफी म्हणजे आपल्या फिल्टर कॉफीसारखी नाही. फिकट सोनेरी रंगाची, वेलदोड्याच्या वासाची, बिनसाखरेची. तिला ‘कहवा’ म्हणतात. चोच असलेल्या भांड्यातून, म्हणजे ‘दल्ला’तून, ओततात आणि कान नसलेल्या छोट्या पेल्यात देतात, त्याला ‘फिंजान’ म्हणतात. ही सगळी पद्धत इतकी महत्त्वाची मानतात की सौदी, अमिराती, ओमान आणि कतार या चार देशांच्या नावानं २०१५ मध्ये युनेस्कोनं तिची वारसा म्हणून नोंद केली.

पेला उजव्या हातानंच घ्यायचा. त्यात कॉफी तळाशी थोडीशीच असते. कंजूषपणा समजू नका. उलट जुन्या रीतीत काठोकाठ भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’. थोडं ओततात कारण परत परत ओतायचं असतं. पहिला पेला नाकारायचा नाही. आणि न पिता खाली तर ठेवायचाच नाही. बेदुईन रिवाजात पाहुण्यानं कॉफी न पिता पेला खाली ठेवला, तर त्याचा अर्थ असा की त्याची काहीतरी मागणी आहे, आणि ती मान्य होईपर्यंत तो पिणार नाही. तुम्ही फोन उचलायला म्हणून पेला खाली ठेवाल आणि समोरचा म्हातारा गंभीर होऊन विचारेल, काय हवंय?

पारंपरिक हिशोब तीन पेल्यांचा. पहिला ‘दैफ’, म्हणजे पाहुण्याचा. दुसरा ‘कैफ’, म्हणजे मजेचा. हो, आपल्या मराठीतला कैफ तोच. तिसरा ‘सैफ’, म्हणजे तलवारीचा. हा पिणारा संकटात यजमानाच्या बाजूनं उभा राहणार, असा त्याचा जुना अर्थ. तीनच्या पुढे पिणं बरं मानत नाहीत. पण एका पेल्यावर थांबलात तरी चालतं.

थांबायचं कसं? तोंडानं काही बोलायची गरजच नाही. रिकामा पेला दोन बोटांत धरून मनगटानं दोन-तीनदा हलवायचा, डावीकडे-उजवीकडे, आणि ओतणाऱ्याच्या हातात द्यायचा. नुसता रिकामा पेला पुढे केलात की तो भरणार, परत पुढे केलात की परत भरणार. पहिल्या खेपेला मी सात पेले प्यालो होतो, कारण मला हे माहीतच नव्हतं. हलवताना एक शब्द म्हणू शकता, ‘बस’. आपलाच बस. फारसीतून तिकडच्या बोलीत गेला आणि आपल्याकडेही आला. तर कॉफीला ‘बस’ चालतो. जेवणाला नुसता ‘बस’ चालत नाही, तिथे थोडं जास्त लागतं.

आता जेवण. ताट आलं, वडील म्हणाले, ‘सम्म.’ म्हणजे देवाचं नाव घे, सुरू कर. उजवा हात, आपल्यासमोरचा भाग. या वेळी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सावकाश खाल्लं. हा चाचांचा सल्ला. ते म्हणाले, ‘आग्रह ताटाकडे बघून होतो. तुझ्यासमोर खड्डा पडला की ते भरणार. हळू खा, थोडं समोर राहू दे.’ मागच्या वेळी मी आपल्या सवयीप्रमाणे समोरचं चाटूनपुसून साफ केलं होतं. आपल्याकडे ती अन्नाची कदर. तिथे त्याचा अर्थ निघतो, याचं पोट अजून भरलेलं नाही. वेगळ्या ताटलीत वाढलं असेल तरी हेच. दोन घास राहू द्यायचे.

मग वडिलांनी पहिला तुकडा ठेवला. या वेळी मी ‘ला’ म्हटलं नाही. उजवा हात खरकटा होता, म्हणून डावा छातीवर ठेवला, थोडी मान झुकवली आणि म्हटलं, ‘तिस्लम अल-अयादी.’ म्हणजे हे हात सुखरूप राहोत. आपण सुगरणीच्या हाताला दाद देतो ना, तसं. हे वाक्य सोयीचं आहे, कारण ते स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांना मिळून लागू होतं. अशा घरांत बायका बऱ्याचदा दुसऱ्या खोलीत असतात, आणि ‘तुमच्या मिसेसनी छान केलंय’ असं म्हणणं पारंपरिक माणसाला अवघड वाटू शकतं. ‘हात’ म्हटलं की कुणाचं नाव येत नाही, आणि कौतुक पोचतं. मी तो तुकडा खाल्ला. सगळा नाही, पण खाल्ला.

दुसरा तुकडा आला. आता पहिला नकार. म्हटलं, ‘अल्हम्दुलिल्लाह, शबआन.’ देवाची कृपा, मी तृप्त आहे. बाई असेल तर ‘शबआना’ म्हणायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी देवाचे आभार, मग पोट भरल्याचं. नुसतं ‘शबआन’ म्हणजे नुसतं ‘माझं झालं’. आणि हे म्हणायला मुसलमान असावं लागत नाही. अरबी बोलणारे ख्रिश्चनही ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतात, तो तिकडच्या भाषेतला रोजचा शब्द आहे. आपण ‘देवाच्या दयेनं सगळं ठीक’ म्हणतो तसा.

हे पहिल्यांदा मानलं जाणार नाही, हे धरून चाला. वडील म्हणाले, ‘मा कल्त शै!’ म्हणजे ‘काहीच खाल्लं नाहीस!’ मंडळी, हे वाक्य ऐकून मला आमची आजी आठवली. चार पोळ्या खाल्ल्यावर ‘काहीच घेतलं नाहीस रे’ म्हणणारी. हे तक्रारीचं वाक्य नाही, हा खेळातला पुढचा डाव आहे. यावर खुलासे देत बसायचं नाही. मी एवढं खाल्लं, तेवढं खाल्लं, असला हिशोब नको. हसायचं आणि परत ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायचं.

मग आला खरा पेच. वडिलांनी एक छोटा तुकडा हातात धरला आणि म्हणाले, ‘वल्ला...’ पुढचं मला कळलं नाही, पण ‘वल्ला’ कळलं. देवाची शपथ. शपथ देवाची, हा तू खाल्लाच पाहिजेस.

चाचांनी याबद्दल आधीच बजावलं होतं. यजमानानं शपथ घातली की तिथे नकार नाही. दुसऱ्यानं घातलेली शपथ खरी होऊ द्यावी, मोडायला लावू नये, ही त्यांच्या धर्मातलीच शिकवण आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर त्याची शपथ खोटी पडते. आणि उलट शपथ तर अजिबात घ्यायची नाही. त्यानं ‘वल्ला खा’ म्हटलं आणि तुम्ही ‘वल्ला नाही खाणार’ म्हटलं, तर दोघांतल्या एकाची शपथ मोडणार, म्हणजे जेवणाचं भांडण झालं. इथे एक घास घ्यायचा. फक्त एक. आणि म्हणायचं, ‘अशान खातरक.’ तुमच्या खातर.

ऐकलंत? खातर. ‘तुझ्या खातर आलो’ मधला खातर, खातिरदारीतला खातर. शब्द तोच, अर्थ जवळपास तोच. मी हे म्हटलं आणि तो छोटा तुकडा खाल्ला, तर वडील मोठ्यानं हसले आणि मित्राला काहीतरी म्हणाले. मित्रानं मला सांगितलं, ‘ते म्हणतायत, याला कुणी शिकवलं?’

या एका घासाचं कामच वेगळं आहे. त्यामुळे यजमान जिंकतो. तुम्ही पोटासाठी नाही, त्याच्यासाठी खाल्लंत, हे तुम्ही बोलून दाखवलंत. त्याला हवं होतं ते मिळालं, आता तो तुम्हाला सोडू शकतो. म्हणून पोटात या एका घासाची जागा आधीपासून राखून ठेवायची. आपण पंगतीत शेवटच्या ताकभाताला ठेवतो तशी.

आणि लगेच शेवटचं वाक्य. हे म्हणताना बसून राहायचं नाही. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे. बसून म्हटलं तर अजून बोलणी चालू आहेत असं वाटतं. म्हणत म्हणत उठायचं, हात धुवायला. वाक्य असं आहे, ‘कथ्थर अल्ला खैरकुम.’ देव तुमची भरभराट वाढवो. यातला खैर म्हणजे चांगलं, बरकत. ‘आता तुझी खैर नाही’ मधला खैर तोच, फक्त आपण तो धमकीपुरता ठेवलाय.

इथे उच्चाराकडे लक्ष द्या, कारण इथेच मी दुसऱ्यांदा पडता पडता वाचलो. ‘कथ्थर’ मध्ये थ आहे. त्यांचा तो थ जीभ दातांमध्ये लावून येतो, पण आपला मराठी थ म्हटला तरी चालून जातं. मात्र आपल्याकडचे बरेच जण हिंदी-उर्दूच्या सवयीनं त्या अक्षराचा स करतात. उर्दूत त्याच अक्षराचा उच्चार स होतो, म्हणून. मी पण चाचांसमोर पहिल्यांदा ‘कस्सर’ म्हटलं. चाचांचा घास अडकला. ‘कस्सर’ हा अरबीत वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ फोडणं, तुकडे तुकडे करणं. म्हणजे मी जेवून उठून म्हणणार होतो, ‘देव तुमच्या भरभराटीचे तुकडे करो.’ समोरचा समजून घेईल, परदेशी आहे म्हणून हसेल, पण का उगाच? थ जमत नसेल तर त म्हणा, ‘कत्तर’. इजिप्तमध्ये आणि सीरिया-लेबननकडे रोजच्या बोलण्यात ‘कत्तर खैरक’ असंच म्हणतात. त चालेल, थ चालेल, स नको.

यावर वडील म्हणाले, ‘बिल-आफिया.’ तब्येतीला लाभो. हे ऐकलं की समजायचं, सुटका झाली. यजमानानं जेवण संपल्याचं मान्य केलं. याला उत्तर ‘अल्ला याआफीक’, देव तुम्हालाही निरोगी ठेवो. त्यानंतर मला कुणी एक शीतही वाढलं नाही. मागच्या वेळी पाच-सहा ‘ला’ म्हणून जे झालं नव्हतं, ते दोन आशीर्वादांत झालं.

शेवटी परत कहवा आला, चहा आला, आणि मग एका छोट्या धूपदाणीत ऊद, म्हणजे सुगंधी लाकूड, जाळून आणलं. ती धूपदाणी एकेकाकडे फिरते, धूर कपड्यांवर घ्यायचा. गल्फमध्ये एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की ऊद झाला की बसणं नाही. म्हणजे धूप आला की पाहुण्यानं उठायचं. आपल्याकडे विडा दिला की उठतात तसं. मी उठलो. दारापर्यंत वडील आले आणि त्यांनी माझ्या हातात खजुराचा डबा दिला. मी ‘ला’ म्हणायला तोंड उघडलं होतं, पण वेळीच मिटलं.

आता हे सगळं कुठे लागू होत नाही, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही दुबईच्या मॉलमध्ये पेला हलवत बसाल. हॉटेलात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, तरुण मित्रांच्या फ्लॅटवर इतका आग्रह नसतो. तिथे ‘अल्हम्दुलिल्लाह, शबआन’ एवढं एकदा म्हटलं तरी पुरतं. वाक्यंही जागेप्रमाणे बदलतात. इजिप्त आणि सीरिया-लेबननकडे जेवून उठताना ‘सुफ्रा दायमा’ म्हणतात, म्हणजे ही पंगत कायम मांडलेली राहो. कथ्थर-खैरकुमचं काम तिथे हे वाक्य करतं. आणि सीरिया-लेबननकडे यजमान ‘बिल-आफिया’ऐवजी ‘सहतेन’ म्हणेल, म्हणजे दुप्पट आरोग्य. शब्द वेगळे, पण रचना तीच. तुम्ही आशीर्वाद देता, तो परत आशीर्वाद देतो, आणि जेवण संपतं.

दुसरी मर्यादा तब्येतीची आणि व्रताची. शाकाहारी असाल, डायबिटीस असेल, एखादी गोष्ट चालतच नसेल, तर ते ताटावर बसून सांगायचं नाही. तिथे ते उशिरा होतं, आणि ज्यानं बकरा शिजवलाय त्याचा चेहरा बघवत नाही. आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ‘अना नबाती’ म्हणजे मी शाकाहारी आहे. डॉक्टरची मनाई असेल तर ‘अद-दुक्तूर मानिअनी’. हे मानिअ आणि आपलं मनाई, मूळ एकच. आजाराचं कारण आग्रहापेक्षा मोठं मानलं जातं, त्यामुळे कुणी जबरदस्ती करत नाही. पण म्हणून खोटं आजारपण सांगू नका. पुढच्या शुक्रवारी तुम्हाला कुणीतरी मंदी खाताना बघेलच.

आणि यासाठी सौदीलाच जायला हवं असं नाही. पुण्यात शिकायला येमेन, इराक, सुदानकडून कितीतरी मुलं येतात. कॉलेजात तुमच्या वर्गात असेल एखादा. त्याच्या खोलीवर एका ताटात भात आला, आणि त्यानं तुमच्याकडे एक तुकडा सरकवला, तर तो परत मध्ये ढकलू नका. माझी विनंती समजा.

ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांच्यासाठी क्रमानं एकदा सांगतो. कॉफी थांबवायची तर पेला हलवायचा. पहिल्या वाढपाला ‘तिस्लम अल-अयादी’ आणि खायचं. दुसऱ्याला ‘अल्हम्दुलिल्लाह, शबआन’. शपथ आली तर एक घास आणि ‘अशान खातरक’. उठताना ‘कथ्थर अल्ला खैरकुम’, आणि कानात ‘बिल-आफिया’ पडेपर्यंत थांबायचं.

काम संपवून परत यायच्या आदल्या दिवशी त्या वडिलांचा निरोप आला, मित्राच्या फोनवर, आवाजी मेसेज. मित्रानं भाषांतर करून सांगितलं, ‘त्या हिंदी मुलाला सांग, पुढच्या वेळी आला की त्याला परत उपाशी पाठवणार नाही.’

मी दोन्ही वेळा पोट फुटेस्तोवर खाल्लं होतं. पण उत्तर मला आता येत होतं. फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, ‘कथ्थर अल्ला खैरकुम.’ थ नीट म्हटला.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरी आज आजीनं चौथी पोळी वाढली तर नुसतं ‘नको’ म्हणू नका. आधी म्हणा, ‘काय झालीय भाजी!’ मग बघा, थांबते का.